यंत्राचा अंदाज: लक्षात ठेवावा की दर वेळी नव्याने बांधावा?

इंदूरला आमच्या गाण्याच्या क्लासची छोटी वेबसाइट मी सांभाळतो. विद्यार्थी रियाजाचं रेकॉर्डिंग चढवतात आणि फाइल कुठे शोधायची, हे पान त्यांना यंत्र ओळखून सांगतं. ती ओळख खात्यात कायम नोंदवायची की दर वेळी नव्याने करायची, यात मी दोन्ही करून पाहिलं.

आधी नोंदवत होतो. पान झटकन योग्य सूचना दाखवायचं, शिवाय क्रोम हल्ली अँड्रॉइडची खरी माहिती देत नाही, नुसतं `Android 10; K` म्हणतं, त्यामुळे एकदा कळलेलं जपावं असं वाटे.

मग रामबागेतल्या काकूंचा फोन आला, "अरे, फाइंडर कुठे असतो?" फाइंडर हा मॅकवर फाइली शोधायचा प्रोग्राम, आणि त्यांच्याकडे आयपॅड. पण २०१९ पासून आयपॅडची सफारी मुळातच स्वतःला मॅक म्हणवते आणि आम्ही खात्यात 'मॅक' लिहून बसलो होतो. ओळखण्याची चूक मी त्याच रात्री दुरुस्त केली:

```
const ipad = navigator.platform === 'MacIntel'
  && navigator.maxTouchPoints > 1;
```

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा फाइंडर! नवा नियम चालतच नव्हता, कारण जुनं उत्तर तयार होतं. त्याच खात्यात काका अँड्रॉइडवरून शिरले, तर त्यांनाही मॅकच्या सूचना. माझं मन तिथेच उठलं. नव्याने ओळखत असतो, तर दुरुस्ती सकाळी सगळ्यांपर्यंत आपोआप पोचली असती.

नोंदी पुसायला तक्ता उघडला, तेव्हा दुसरी गोष्ट खटकली. नाव, यंत्र, तारीख, वेळ. कोणी नवा फोन घेतला, कोण रात्री एक वाजता दुसऱ्याच फोनवरून आलं, सगळं समोर. गाणं शिकवायला यातलं काय लागतं?

बँकेची गोष्ट वेगळी. अनोळखी यंत्रावरून कोणी शिरलं की इशारा द्यायचा, तर जुनी यंत्रं आठवावीच लागतात. आमचं काम सूचना दाखवण्यापुरतं.

आता अंदाज दर वेळी ताजा, आणि वर 'हे माझं यंत्र नाही' असं बटण. ते दाबून माणसाने स्वतः निवडलेलं तेवढं त्याच्याच ब्राउझरमध्ये राहतं, `localStorage` मध्ये एका शब्दात. सर्व्हरकडे काही येत नाही, आणि काकांचा फोन काकूंच्या आयपॅडमध्ये लुडबूड करत नाही.

उणीव आहे. सफारी सात दिवस वापरली, पण आमच्या पानाला हात लावला नाही, तर ती हे साठवलेलं पुसते. काकू पुण्याला लेकीकडे दहा दिवस राहून आल्या, निवड गेलेली होती. पण आता अंदाजच बरोबर निघाला, बटण दाबायची वेळ आली नाही. फोन आला तो भूपाच्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आली म्हणून.