कार्यालयात अर्ज की मॅडमना ईमेल? आजारपणात सेमिनार पेपरची मुदत मागताना

कायद्याच्या पाच वर्षांत आणि नंतर एलएलएमला मिळून मी दोनदा आजारी पडलो, आणि दोन्ही वेळा सेमिनार पेपरची तारीख तोंडावर होती. एकदा रीतसर अर्ज केला, एकदा थेट प्राध्यापकांना ईमेल लिहिला. सध्या ज्याला हाच निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. माझं झुकतं माप कुठे आहे ते लवकरच कळेल. कॉलेजागणिक रीत वेगळी असते, तेव्हा माझा अनुभव सगळीकडे चालेलच असं नाही.

आधी अर्जाचं. चौथ्या वर्षाला होतो. पेपर द्यायचा होता शनिवारी, २१ तारखेला. ११ ला, बुधवारी ताप आला. शुक्रवारी रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी सर्टिफिकेट लिहिलं: १३ ते १९ सक्तीची विश्रांती. गुरुवारी, १९ ला, रूममेटच्या हातून अर्ज पाठवला. अर्ज कसा होता ते सांगायला नकोच, आपण सगळे तो झोपेतही लिहू शकतो. 'प्रति, मा. प्राचार्य यांस', मग 'मार्फत', मग विषय, आणि मजकुरात 'उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की, प्रकृती अस्वास्थ्यामुळे विहित मुदतीत पेपर सादर करणे शक्य नसल्याने योग्य ती मुदतवाढ मिळावी'. सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स. मूळ प्रत उपस्थितीच्या ७० टक्क्यांसाठी लागणार होती, म्हणून ती हातातच ठेवली.

कार्यालयाने अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. रूममेटने पोचेचा फोटो पाठवला आणि मी निर्धास्त झोपलो. अर्ज प्राचार्यांच्या सहीच्या ट्रेमध्ये गेला. शुक्रवारी प्राचार्य विद्यापीठात होते. शनिवार अर्धा दिवस, रविवार सुट्टी. सोमवारी सही झाली, मंगळवारी शिपायाने तो विभागात नेऊन दिला. म्हणजे सरांच्या टेबलावर माझं पत्र पोचलं २४ ला आणि पेपरची तारीख होती २१. मुदतीच्या दोन दिवस आधी केलेली विनंती त्यांनी वाचली मुदत संपल्यावर तीन दिवसांनी.

सर दिवाणी प्रक्रिया शिकवायचे. बरा होऊन भेटायला गेलो तर अर्ज माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हा मुदतवाढीचा अर्ज नाही राहिला रे, विलंबमाफीचा झाला." दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ मध्ये ठरलेली मुदत संपून गेल्यावरही न्यायालय वेळ वाढवू शकतं, एकूण ३० दिवसांपर्यंत, हे मला तिथेच आठवलं. बोललो नाही. सरांशी १४८ वर वाद घालणं हा डेंग्यूनंतरचा उद्योग नव्हे.

मग खरा प्रश्न आला. "विश्रांती १९ ला संपली. २१ ला पेपर का नाही?" सर्टिफिकेटमध्ये याचं उत्तर नव्हतं, असणारही नव्हतं. डॉक्टर तुम्हाला अंथरुणात किती दिवस राहायचं ते लिहून देतात. ताप उतरल्यावर दोन आठवडे पाय लटपटतात, अर्धा तास स्क्रीनकडे पाहिलं की डोकं धरतं, याचा रकाना त्या छापील कागदावर नसतो. पुढची तारीख टाकून द्या असं डॉक्टरांना सांगायचीही सोय नाही. दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवायचं त्यांच्यावर बंधन आहे आणि खोटं सर्टिफिकेट दिल्यास नोंदणी जाऊ शकते. त्यामुळे सर्टिफिकेटच्या शेवटच्या तारखेपासून पेपरच्या तारखेपर्यंतचे दिवस तुम्हालाच पत्रात समजावावे लागतात, आणि 'योग्य ती मुदतवाढ' या तीन शब्दांत ते बसत नाहीत.

त्यावर सरांचा दुसरा प्रश्न: "आणि ११ च्या आधीचे सहा आठवडे?"

इथे थोडं थांबतो, कारण हे कायद्याच्या विद्यार्थ्याला विशेष झोंबतं. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली 'पुरेसं कारण' दाखवताना रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स हा निकाल आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. शेवटच्या दिवशी आजारपण, वैद्यकीय दाखला, अपील एक दिवस उशिरा. खालच्या न्यायालयाचं म्हणणं होतं की मुदतीच्या सगळ्या काळात काय केलंत ते सांगा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तसं नाही. मुदत संपल्यापासून दाखल करेपर्यंतचा उशीर समजावला की पुरे. १९६१ चा निकाल सरांनीच शिकवला होता. पण प्राध्यापकाला रामलाल लागू होत नाही. त्याला नेमकं आधीचंच जाणून घ्यायचं असतं: हा आजारी पडला म्हणून राहिलं, की राहिलंच होतं आणि मग हा आजारी पडला? माझ्या अर्जात या शंकेचं उत्तर देणारी एकही ओळ नव्हती. वेळ मिळाला, उशिराचे दोन गुण गेले. सरांनी अन्याय केला असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून तेवढंच करता येत होतं.

ईमेलकडे मी शहाणपणाने वळलो नाही. एलएलएमला कांजिण्या आल्या, आणि खपल्या धरेपर्यंत कार्यालयाच्या खिडकीशी जाणं म्हणजे निम्म्या वर्गाला प्रसाद वाटण्यासारखं. वसतिगृहात माझा डबासुद्धा दाराबाहेर ठेवत होते. पेपर होता धनादेश न वटण्याच्या खटल्यांवर, कलम १३८. तारीख शुक्रवारची. मंगळवारी सकाळी फोनवरच हे टाइप केलं:

'आदरणीय मॅडम,
मला शनिवारी कांजिण्या झाल्याचं निदान झालं आहे. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपर्यंत बाहेर न पडण्यास सांगितलं आहे, सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.
शुक्रवारी द्यायच्या पेपरचे पहिले दोन भाग लिहून झाले आहेत, ते जसे आहेत तसे जोडतो. कलम १४३क खालच्या अंतरिम भरपाईचा तिसरा भाग आणि तळटिपा राहिल्या आहेत. सोमवारनंतर त्याला मला पाच दिवस लागतील. म्हणून त्यापुढच्या सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत पेपर देण्याची परवानगी द्यावी ही विनंती.
सादरीकरण ठरलेल्या दिवशीच करेन, त्यात बदल नको आहे. कार्यालयासाठी वेगळा अर्ज लागत असल्यास कळवावं, बाहेर पडता आलं की देईन.'

खाली नाव, हजेरी क्रमांक. विषयाच्या ओळीत विषयाचं नाव, 'पेपरसाठी मुदतवाढीची विनंती' आणि मागितलेली तारीख. बस.

यात आजाराला दोन वाक्यं आहेत आणि पेपरला तिप्पट. अर्जात नेमकं उलट होतं. मॅडमना माझ्या कांजिण्यांचं काही करायचं नव्हतं. त्यांना ठरवायचं होतं की हा पेपर त्यांच्या तपासण्याच्या वेळापत्रकात कधी बसेल. (एका मित्राने अशाच ईमेलला अंगावरच्या पुरळाचा फोटो जोडला होता. कृपा करून जोडू नका. सर्टिफिकेट पुरतं.) अर्धवट मसुदा पाठवायची लाज वाटते हे खरं. माझ्या दुसऱ्या भागात तर एका ठिकाणी 'इथे आकडा टाकणे' असं पिवळ्या रंगात तसंच राहिलं होतं. पण सहा आठवड्यांच्या त्या प्रश्नाला तोच मसुदा उत्तर देतो, प्रश्न विचारला जायच्या आधी.

दुपारी उत्तर आलं: 'ठीक आहे. सोमवार, ५ वाजता, त्यानंतर नाही. १४३क वर २०२४ चा निकाल बघून मगच लिही.' म्हणजे राकेश रंजन श्रीवास्तव. कलमाच्या शब्दरचनेत २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देणं न्यायालयावर बंधनकारक आहे की त्याच्या विवेकावर, तो वाद त्यात मिटला आहे: बंधनकारक नाही. माझ्या टिपणात मी उलट धरून चाललो होतो. मुदतीचं पत्र लिहिलं नसतं तर तो भाग तसाच गेला असता. हे अर्थात नशीब. दर वेळी मॅडम मसुदा उघडतीलच असं नाही.

आता अर्जाच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो. अंतर्गत गुण विद्यापीठाला भरायची तारीख जवळ आली असेल, तर प्राध्यापकाच्या हातात फारसं काही उरत नाही. तिथे प्राचार्यांपर्यंत जाणारा, आवक क्रमांक असलेला कागदच लागतो. शिकवणारे बाहेरून येणारे वकील असतील आणि ईमेल आठवड्यातून एकदा बघत असतील, तरीही अर्ज बरा, किंवा निदान वर्ग प्रतिनिधीकरवी निरोप तरी. पुढे गुणांवरून वाद झालाच तर पोचेचा शिक्का दाखवता येतो, आणि 'मी ईमेल केला होता' यापेक्षा त्याचं वजन जास्त, हे कबूल. दवाखान्यात भरती असाल आणि महिनाभर काही होणार नसेल, तर मसुदा वगैरे विसरा, घरच्यांना सांगून अर्ज द्या.

पण साधं आठ-दहा दिवसांचं आजारपण असेल, मुदत अजून संपायची असेल आणि प्राध्यापक कॉलेजातलेच असतील, तर मी ईमेलच करेन, आणि मुदतीच्या किमान तीन दिवस आधी. ट्रेमध्ये पडून राहिलेला तो शुक्रवार ते मंगळवार मी अजून विसरलेलो नाही.

मॅडमनी कार्यालयाच्या अर्जाबद्दल काही लिहिलं नव्हतं, तरी खपल्या पडल्यावर मी तो दिलाच. ईमेल आणि त्यावरचं उत्तर छापून मागे टाचलं, आवक क्रमांक घेतला. त्याआधीच पेपर तपासून झाला होता. तो अर्ज पुढे कुठे गेला ते मी विचारायला गेलो नाही.