मल्टी-एझेड आणि रीड रेप्लिका, ९ महिने वापरून : लातूरच्या आडतीवरचा अनुभव

आधी आमचं काम सांगतो म्हणजे पुढचं समजंल. लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आमचं छोटं सॉफ्टवेअर आहे, सौदा झाला की मुनीम पोती, वजन, भाव टाकतो, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघते. मागं जावा, डेटाबेस पोस्टग्रेस, ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर, मुंबई रिजनमध्ये. वर्षभर लोड काहीच नसतो आणि दसऱ्यानंतर सोयाबीन सुरू झालं की सकाळपासून प्रिंटर थांबत नाही.

फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडं एक मेन डेटाबेस आणि एक रीड रेप्लिका, म्हणजे त्याची फक्त वाचायला चालणारी कॉपी, होती. मी स्वतः दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की आपली दुसरी कॉपी आहे, टेन्शन नाही. मग एकदा बसून विचार केला की मेन मशीन आत्ता बंद पडली तर मी नक्की काय करणार, आणि उत्तर काही छान आलं नाही. रेप्लिका आपोआप मेन होत नाही, तिला हातानं प्रमोट करावं लागतं, त्यात ती रीबूट होते, काही मिनिटं जातात, तिचा पत्ता वेगळा म्हणून ॲपचं कनेक्शन बदलावं लागतं, आणि कॉपी असिंक्रोनस, म्हणजे मेनच्या जरा मागून, होत असल्यामुळं शेवटचे जे काही सेकंद पोचले नसतील त्यातल्या पट्ट्या गेल्या त्या गेल्या. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात कागद आहे आणि आमच्याकडं नोंद नाही. भर सौद्यात हे कोण करणार, मी तर तेव्हा कदाचित औसा रोडला गाडीवर असंन.

म्हणून मल्टी-एझेड चालू केलं. यात दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, एक स्टँडबाय उभी राहते, आणि प्रत्येक कमिट दोन्हीकडं लिहिलं गेल्याशिवाय ॲपला ओके मिळत नाही. मशीन गेली, डिस्क गेली, अख्खा झोन गेला तरी ओके मिळालेली पट्टी हरवत नाही. पत्ता तोच राहतो, फक्त त्या नावामागचा डीएनएस स्टँडबायकडं वळतो, यालाच फेलओव्हर म्हणतात. रोजचा बॅकअपही स्टँडबायवरून निघतो, आणि ओएस पॅचिंगच्या वेळी आधी स्टँडबाय, मग फेलओव्हर, मग जुनी मेन असं होतं, त्यामुळं तिथंही मिनिट-दीड मिनिटात भागतं. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन अपग्रेड मात्र याच्यात येत नाही, त्याला दोन्ही एकदम बंद पडतात, ते ऑफ सीझनलाच करायचं.

आमच्या सेठनं बिल बघितलं, जवळपास डबल. म्हणाला, "ही दुसरी मशीन नुस्ती बसून खाती का? तिच्यावर रिपोर्ट चालवा की." नाही चालत. या प्रकारातल्या स्टँडबायवर वाचायलासुद्धा जाता येत नाही. वाचता येणाऱ्या दोन स्टँडबाय असलेला मल्टी-एझेड क्लस्टर म्हणून वेगळा प्रकार आहे, फेलओव्हरही त्यात साधारण ३५ सेकंदांच्या आत होतो, पण त्याला तीन मशीन लागतात आणि आम्ही वापरतो तेवढ्या बारक्या साईजमध्ये तो मिळत नाही, म्हणून तो विषय तिथंच संपला.

आता खरा अनुभव. मार्चमध्ये एका रविवारी यार्ड बंद असताना ड्रिल केली. एका स्क्रिप्टनं २० खोटे मुनीम सतत पट्ट्या टाकतायत असं चालू ठेवलं आणि हे मारलं:

```
aws rds reboot-db-instance \
  --db-instance-identifier adat-prod --force-failover
```

इव्हेंटमध्ये फेलओव्हर सुरू `RDS-EVENT-0013` आणि फेलओव्हर पूर्ण `RDS-EVENT-0049`, यांच्यात सव्वा मिनिट. कागदावर ६० ते १२० सेकंद म्हणतात, त्यात बसलं. मी खुश. पण ॲप उठेना. डेटाबेसची कनेक्शनं पूलमध्ये सांभाळणाऱ्या हिकारीचं लॉगमध्ये एकच रडगाणं:

```
HikariPool-1 - Connection is not available,
request timed out after 30000ms.
```

मी लॅपटॉपवरून psql नं आत जातोय, डेटाबेस टणटणीत, आणि ॲप सव्वा मिनिटाच्या जागी १६ मिनिटं झोपलेलं. कारण शोधायला संध्याकाळ गेली. फेलओव्हर झाला त्या क्षणी पूलमधली दहाच्या दहा कनेक्शनं क्वेरी पाठवून उत्तराची वाट बघत होती. पलीकडची मशीन अचानक गेली, "मी चालले" असं सांगणारं कोणी उरलंच नाही, त्यामुळं लिनक्स तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसला, डिफॉल्टला तो साधारण १५ मिनिटं हार मानत नाही. आणि पाकीट पोचल्यावर मशीन गेली असती तर याहून वाईट, कारण पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये `socketTimeout` डिफॉल्ट शून्य आहे, म्हणजे वाट बघायला मर्यादाच नाही. हिकारी रिकामं बसलेलं कनेक्शन देण्याआधी तपासतो हो, पण जे कामात अडकलंय त्याला तो काय करणार.

शेवटी एवढंच जोडलं:

```
?connectTimeout=5&socketTimeout=20&tcpKeepAlive=true
```

हे आकडे सेकंदात आहेत. २० का, तर पट्टीची आमची सगळ्यात हळू क्वेरीसुद्धा २ सेकंदांच्या आत येते. पण हाच टाइमआउट वर्षाच्या रिपोर्टला लावला तर रिपोर्ट कधीच पूर्ण होणार नाही, म्हणून रिपोर्टचा पूल वेगळा केला, तो रेप्लिकेवर जातो. सप्टेंबरमध्ये पुन्हा ड्रिल केली तेव्हा ॲप दीड मिनिटात परत उभं. एक सांगतो, कॉन्फिगमध्ये कुणी नावाच्या जागी आयपी टाकून ठेवला असंल तर हे सगळं करूनही उपयोग नाही, ॲप जुन्याच मशीनचं दार वाजवत बसंल. आमच्या एका जुन्या एसएमएसच्या जॉबमध्ये असा सापडलाच.

आता रेप्लिका. मल्टी-एझेड आलं म्हणून ती काढली नाही, कारण तिचं काम वेगळं आहे, वाचायचा भार मेनवरून उतरवणं. फेलओव्हर झाल्यावर ती आपोआप नव्या मेनच्या मागं लागते, ड्रिलमध्ये तिला हातसुद्धा लावावा लागला नाही. पण याच रेप्लिकेनं ऐन सीझनमध्ये आमचा घाम काढला, आणि चूक शंभर टक्के आमची.

झालं असं, उन्हाळ्यात हिशोबवाल्या पोरांचे लांब रिपोर्ट रेप्लिकेवर मधेच तुटायचे, `canceling statement due to conflict with recovery`. मेनवर व्हॅक्यूमनं जुन्या ओळी साफ केल्या की तीच सफाई रेप्लिकेवरही लागू व्हायची असते, आणि तिकडं चालू असलेल्या रिपोर्टला नेमक्या त्याच जुन्या ओळी बघायच्या असतात. पोस्टग्रेस डिफॉल्टला ३० सेकंद थांबतो आणि मग रिपोर्ट मारतो. मी शहाणपणा करून `max_standby_streaming_delay` ५ मिनिटं केला. रिपोर्ट चालायला लागले, सगळे खुश, मी विसरून गेलो.

यातली मेख अशी की रेप्लिका ती एक सफाई थांबवते तेव्हा तिच्या मागची पूर्ण रांग थांबते, म्हणजे नव्या पट्ट्यासुद्धा. आणि मधल्या काळात आमच्याच एकानं "आजच्या पट्ट्या" ही स्क्रीन, वाचायचंच तर आहे म्हणून, रेप्लिकेकडं वळवलेली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका दुकानातून फोन, एकाच शेतकऱ्याच्या दोन-दोन पट्ट्या निघाल्या, वजन तेच, पोती तीच, नंबर वेगळे. मुनीमाला विचारलं तर म्हणला, "साहेब, पट्टी मारली की, यादीत दिसनाच गेली, मग पुन्हा मारली. मागं माणसं खोळंबलेली, किती वेळ बघू?" त्याचं काय चुकलं? पट्टी मेनवर केव्हाच बसली होती, यादी चार मिनिटं जुनी दाखवत होती. त्या दिवशीच्या अकरा डबल पट्ट्या आम्ही रात्री बसून काट्याच्या पावत्यांशी जुळवून रद्द केल्या.

दुसऱ्या दिवशी बदल केले. जी स्क्रीन लिहिल्यावर लगेच बघितली जाते ती मेनवर आणली. डिले पुन्हा ३० सेकंदांवर. त्याऐवजी `hot_standby_feedback` चालू केलं, म्हणजे रेप्लिका मेनला कळवते की या ओळी मला अजून लागतात, साफ करू नको. याचीही किंमत आहे, लांब रिपोर्ट चालू असेपर्यंत मेनवर मेलेल्या ओळी साचतात, म्हणून रिपोर्टला १० मिनिटांचा `statement_timeout` लावला. आणि काट्याच्या पावतीच्या नंबरवर युनिक बंधन, ते खरं पहिल्या दिवशीच हवं होतं.

लॅगवर, म्हणजे रेप्लिका मेनच्या किती मागं आहे त्यावर, अलार्मही लावलेला होता की, `ReplicaLag` दोन मिनिटांवर. तो एप्रिलमध्येच मी म्यूट केलेला, कारण रोज रात्री वाजायचा. तेव्हा कळलं नव्हतं, पोस्टग्रेसमध्ये हा आकडा शेवटचा व्यवहार लागू होऊन किती वेळ झाला यावरून निघतो, रात्री कोणी लिहीतच नसलं तर तो शांतपणे ५ मिनिटांपर्यंत चढतो आणि पुन्हा खाली येतो. रेप्लिका मागं नसतेच. आता दर मिनिटाला मेनवर एक ओळ अपडेट करणारा छोटा जॉब ठेवलाय, रात्रीचा आकडा खरा दिसतो आणि अलार्म उघडा आहे.

जूनमधलं एक राहिलं. नव्या पोरानं हमालीचा दर बदलताना WHERE विसरला, सगळ्या दुकानांचे दर एक झाले. स्टँडबायवर त्याच क्षणी, रेप्लिकेवर सेकंदाच्या आत, दोघींनी इमानदारीत चूक उतरवून घेतली. तिथं कामाला आला तो फक्त पॉइंट-इन-टाइम रिस्टोअर. त्यातून चालू डेटाबेस मागं जात नाही, नवीन मशीन नव्या पत्त्यावर उभी राहते, आम्ही चुकीच्या एक मिनिट आधीची वेळ दिली, तीतून फक्त दरांचा टेबल `pg_dump -t` नं काढून परत आणला आणि ती मशीन डिलीट केली. पाऊण तास गेला. रिस्टोअर झालेली मशीन सुरुवातीला रांगत चालते, डेटा मागून हळूहळू उतरत असतो, घाबरू नका. बॅकअप मात्र ७ दिवसांचा होता तो ३५ केला, जास्तीत जास्त तेवढाच ठेवता येतो.

अख्खं मुंबई रिजनच गेलं तर? आमचे मेन, स्टँडबाय, रेप्लिका सगळे तिथंच आहेत, म्हणजे तिघं एकदम आंधळे. त्यासाठी हैदराबाद रिजनमध्ये रेप्लिका ठेवता येते, निजामाच्या काळापासून आमचा ओढा तिकडंच, आणि अंतरही मुंबईपेक्षा कमी. पण तिचं प्रमोशन हाताचंच आणि खर्च महिन्याचा, म्हणून सध्या रोज रात्रीचा स्नॅपशॉट तिकडं कॉपी होतो. असं झालं तर एक दिवसापर्यंतच्या पट्ट्या कागदावरून पुन्हा टाकाव्या लागतील, हे सेठला लेखी कळवलंय आणि त्यानं "चालतंय" म्हणून परत पाठवलंय.