नुसते उत्तर की पायऱ्यांसह उत्तर: भिंगाच्या एका उदाहरणावरून

तुझ्या वहीतले भिंगाचे उदाहरण तपासले. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू 15 सेमी अंतरावर, तर प्रतिमा कोठे? कच्चे काम खोडून तू ‘6 सेमी’ एवढेच ठेवलेस. ते चूक आहे आणि गुण द्यावा असे तेथे दुसरे काहीच उरलेले नाही.

तुझ्या मैत्रिणीचेही उत्तर 6 सेमीच आले, पण तिने आधी दिलेल्या किमती लिहिल्या, मग सूत्र 1/v − 1/u = 1/f, आणि त्यानंतर किमती घातल्या. वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्याने u = −15 सेमी घ्यायला हवे होते, तिने +15 घेतले. चूक नेमकी त्या ओळीत दिसते, त्यामुळे सूत्राचा गुण तिच्या पदरात पडतो आणि पुढचे अपूर्णांक नीट सोडवल्याचे श्रेय द्यायलाही परीक्षकाला जागा राहते.

योग्य मांडणी अशी:

1/v = 1/f + 1/u = 1/10 − 1/15 = 1/30
v = +30 सेमी

शेवटी ‘प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला, 30 सेमी अंतरावर, वास्तव’ असे वाक्य आणि एकक हवेच. वस्तू नाभीच्या पलीकडे असताना वास्तव प्रतिमा नाभीय अंतरापेक्षा दूरच पडते, म्हणून 6 पाहताच शंका यायला हवी होती. एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला मात्र नुसते उत्तर पुरते.