न्यूजलेटरची विषय-ओळ: कोड्यात बोलायचं की सरळ सांगायचं?

गच्चीवरच्या बागेविषयी मी दर शनिवारी एक ई-पत्र पाठवतो. ४०० च्या आसपास वाचक आहेत. सुरुवातीला विषयाच्या जागी पत्राचं नाव आणि अंक क्रमांक एवढंच लिहायचो. पाठवणाऱ्याच्या जागी तेच नाव आधीच दिसत असतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगून मी आतल्या मजकुराविषयी काहीच सांगत नव्हतो. उघडणाऱ्यांचं प्रमाण पडलं तेव्हा दोन वाटा दिसल्या: उत्सुकता चाळवणारी ओळ, किंवा आत काय आहे ते सांगून टाकणारी ओळ. दोन्ही मी काही महिने वापरून पाहिल्या. तुम्ही याच वळणावर असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कोड्यातली ओळ लिहायला मजा येते, हे आधी कबूल करतो. “तुमच्या कढीपत्त्याला हे माहीत आहे का?” असली ओळ सुचली की आपणच आपल्यावर खूश होतो. पहिले काही आठवडे उघडणारे वाढलेही. पण आत कढीपत्त्याला ताक घालण्याविषयी चार परिच्छेद, एवढंच. ज्यांना ताकाचं आधीच ठाऊक होतं ते पुढच्या वेळी त्याच उत्साहानं येतील असं वाटत नाही. आणि तीन महिन्यांनी कुणाला तेच पत्र पुन्हा हवं झालं तर शोधणार कसं? ओळीत “ताक” नाही, “खत” नाही, नुसतं कोडं.

तरी या दोन तक्रारींवर मी कोडी सोडली नसती. सोडायला लावलं ते एका फोननं.

जुलैतल्या एका पत्राची ओळ होती, “भर पावसात गच्चीवरच्या गुलाबाची छाटणी करू नये म्हणतात, पण का?” मला ती फक्कड वाटली होती. सोमवारी ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. गुलाबाच्या फांद्या वरून काळ्या पडत चालल्या होत्या.

“काकू, पण छाटणी केलीच कशाला?”

“अरे, तूच तर लिहिलंस, छाटणी करू म्हणून!”

“पत्र उघडलंत का?”

“उघडायचं कशाला? वरूनच कळलं की.”

त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली आहेत. ओळ “छाटणी करू…” इथे तुटली होती.

मराठीत हा धोका कायमचाच. आपलं क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे, आणि “का?” तर सगळ्यांत शेवटी. फोनवर ओळ किती दिसेल हे पडद्याच्या रुंदीवर आणि अक्षरांच्या आकारावर ठरतं, आणि ते वाचकाच्या हातात असतं, आपल्या नाही. कोड्याची सगळी गंमत शेवटच्या दोन शब्दांत असते आणि तेच आधी कापले जातात. सरळ ओळीतही हे होऊ शकतं, पण तिथे महत्त्वाचा शब्द पुढे घेता येतो. “गुलाबाची छाटणी आत्ता नको” ही तीच गोष्ट. ती बहुतेक फोनवर पूर्ण मावते, आणि मोठ्या अक्षरांत “नको” तुटण्याची भीती वाटली तर “आत्ता छाटणी नको: गुलाब” असं करता येतं. मग तुटला तर गुलाब तुटेल, नकार नाही.

सरळ ओळीचा तोटा काकूंनीच दाखवला: वरूनच कळलं तर उघडायचं कशाला? इथे विषयाशेजारी किंवा खाली फिकट अक्षरांत दिसणारा प्रिव्ह्यूचा मजकूर कामाला येतो. विषय “काय” सांगतो, त्यानं “का” आणि “पुढे काय” सांगावं. माझा प्रिव्ह्यू तोवर काय होता? “हे पत्र नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये उघडा.” आठवड्यामागून आठवडे, ४०० लोकांना. आपण काही दिलं नाही तर मेलचं अ‍ॅप मजकुरातला पहिला सापडेल तो शब्द उचलतं, आणि माझ्या साच्यात पहिली ओळ तीच होती.

गुलाबाच्या पत्राला मी आज असा प्रिव्ह्यू देईन: “ओल्या कापावर बुरशी बसते आणि फांदी वरून खाली काळी पडत येते. पाऊस ओसरल्यावर कुठे कापायचं, ते फोटोंसह.” विषयातला एकही शब्द यात परत येत नाही. जीमेल संगणकावर उघडलं तर विषय आणि प्रिव्ह्यू एकाच ओळीत शेजारी बसतात. विषय जितका लांब, तितकी प्रिव्ह्यूला जागा कमी. आखूड सरळ ओळीचा हा आणखी एक फायदा.

पत्र पाठवायच्या बहुतेक सेवांमध्ये `Preview text` नावाचा रकाना असतो, तो भरला की झालं. साचा हातानं लिहीत असाल तर `body` उघडल्या उघडल्या हे टाका:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden;">
ओल्या कापावर बुरशी बसते...
‌ ‌ ‌ 
</div>
```

`‌ ` ही जोडी बरीच वेळा लिहावी लागते. मजकूर आखूड पडला तर अ‍ॅप उरलेल्या जागेत ब्राउझरवालं वाक्य पुन्हा ओढून आणतं. ही न दिसणारी भरताड त्याला अडवते.

आता मोजमाप. सरळ ओळीनं उघडणारे किती वाढले याचा आकडा मी सांगत नाही, कारण माझाच त्यावर विश्वास नाही. पत्र उघडल्याची नोंद एका पिक्सेलच्या अदृश्य चित्रावरून होते. अ‍ॅपलच्या मेलनं २०२१ पासून, वाचकानं गोपनीयतेचा पर्याय चालू ठेवला असेल तर, अशी चित्रं वाचक पाहो न पाहो आधीच उतरवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे न उघडलेलंही उघडलेलं दिसतं. उलट जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं. ते चित्र तळाशी असेल तर उघडलेलं पत्रही मोजलं जात नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, त्यामुळे लांबलचक मराठी पत्र ही मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर गाठतं. प्रमाण कमी दिसत असेल तर ओळीला दोष देण्याआधी पत्राचं वजन बघा.

निम्म्यांना एक ओळ, निम्म्यांना दुसरी, असा प्रयोगही ४०० नावांत फारसं सांगत नाही. २०० पैकी ४० विरुद्ध २०० पैकी ४८ हा फरक नशिबानंही पडतो. म्हणून मी उत्तरं मोजतो. कोड्यांच्या दिवसांत उत्तरं क्वचित यायची. आता शनिवारी संध्याकाळपर्यंत कुणीतरी “माझ्याकडे असं झालंय” म्हणून फोटो पाठवतंच.

तुमचं पत्र ललित असेल, आत एखादी गोष्ट असेल, तर कोडं शोभेलही. गोष्टीचा शेवट विषयात कोण सांगेल? पण पत्रात काही करायला सांगत असाल तर मी सरळ ओळीकडे झुकेन, तेही महत्त्वाचा शब्द पुढे ठेवून. पाठवण्याआधी ती मोठी अक्षरं लावलेल्या एखाद्या स्वस्त फोनवर स्वतःला पाठवून बघा.

ऑक्टोबरात मी “छाटणी आता: गुलाब” असं लिहिलं, आणि प्रिव्ह्यूत “बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप”. काकूंचा फोन आला, छाटणी अगदी तशीच केली होती. पत्र काही उघडलं नव्हतं.