३१ तारखेची आठवण: वर्षभर वापरल्यावर

फोंड्याला आमच्या घरामागे पाच खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरू बहुतेक कुंडईच्या कारखान्यांत कामाला. प्रत्येक खोलीला सबमीटर आहे, आणि महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी रीडिंग घ्यायचं हा बाबांपासूनचा नेम. गेल्या ऑक्टोबरात ते काम फोनच्या कॅलेंडरवर टाकलं: ३१ तारीख, दर महिन्याला.

नोव्हेंबरात फोन वाजलाच नाही. एका भाडेकरूने बिल विचारलं म्हणून आठवलं. मला वाटलं, फोन सायलेंटवर राहिला असेल. फेब्रुवारीचं रीडिंग १ मार्चला सुचलं. एप्रिल मात्र अंगाशी आला. तीन नंबरच्या खोलीतला मुलगा ३० एप्रिलला गेला, २ मेला कुडाळचा नवा आला, आणि मी मीटर बघितला ९ मेला. ३९ दिवसांत ११७ युनिट, म्हणजे दिवसाला ३. हिशेबाने जुन्याचे ९०, उरलेले २७ नव्याचे. नवा म्हणतो, "काका, माझी रातपाळी, मी पंखासुद्धा लावत नाही." खोटं कसं म्हणणार? ते २७ मीच सोसले.

मग कॅलेंडर पुढे सरकवून बघितलं. ३० एप्रिल कोरा, ३० जून कोरा. इव्हेंट एक्स्पोर्ट करून .ics फाइल उघडली, तर आत पहिली ओळ होती. मला हवी होती दुसरी:

```
RRULE:FREQ=MONTHLY;BYMONTHDAY=31
RRULE:FREQ=MONTHLY;BYMONTHDAY=-1
```

म्हणजे अॅप बिघडलेलं नव्हतं. २००९ च्या RFC 5545 या कॅलेंडर फाइलींच्या नियमावलीप्रमाणे जी तारीख त्या महिन्यात नाही, ती सोडून द्यायची. म्हणून वर्षातून सातच वेळा आठवण. -1 म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस, पण माझ्या फोनवर तसा पर्यायच दिसत नव्हता.

मे महिन्यात दुसरं, कामांच्या यादीचं अॅप घेतलं. ३१ मे झाल्यावर त्याने ३० जून दाखवला, मी खूश. त्यानंतर आला ३० जुलै! ते मूळ तारीख लक्षात ठेवत नाही, मागच्या तारखेत महिना मिळवतं. जूनमध्ये ३१ चे ३० झाले ते झालेच. फेब्रुवारीत २८ होऊन पुढे तिथेच बसले असते. पहिल्यात निदान कोरी जागा दिसते, इथे यादी भरलेली असते. म्हणून हे मला जास्त वाईट वाटतं.

शेवटी बायकोनेच सुचवलं: दर महिन्याला १ तारीख असतेच ना, मग आठवण आदल्या दिवशी लाव. इव्हेंट १ तारखेला, पूर्ण दिवसाचा. सूचना एक दिवस आधी, संध्याकाळी सात वाजता. ऑगस्टपासून ३१, ३०, ३१, ३० अशी बरोबर वाजते आहे. फेब्रुवारी २०२८ पर्यंत पुढे जाऊन पाहिलं: १ मार्चला इव्हेंट आहे, म्हणजे सूचना २९ ला.

फक्त सूचनेवर तारीख १ ची दिसते. पहिल्यांदा मी "उद्या बघू" म्हणून ती सरकवून टाकली होती. आता इव्हेंटचं नावच "आज रीडिंग" ठेवलंय.