फ्री साइझ लेगिंग आणि स्ट्रेच पॅन्ट : नेमक्या कोणाला बसतात? (काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव)

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या घरी फ्री साइझच्या काही लेगिंग आणि कुर्तीखाली घालायच्या स्ट्रेच पॅन्ट एकत्रच घेतल्या. मी, माझी जाऊ आणि माझी भाची अशा तिघी त्या नियमित वापरतो आणि आमच्या तिघींची शरीरयष्टी अगदी वेगवेगळी असल्यामुळे पाकिटावरचा दावा पडताळून पाहणे सोपे गेले. माझी कंबर ३० इंच, सीट ३८ आणि उंची ५ फूट २ इंच आहे. जाऊबाईंची कंबर ३६, सीट ४३ आणि उंची ५ फूट १ इंच आहे. भाची सडपातळ आणि उंच आहे : कंबर २६, सीट ३४, उंची ५ फूट ७ इंच. लेगिंगच्या पाकिटावर ‘कंबर २८ ते ४०’ एवढेच लिहिलेले होते. सीट, आसन आणि लांबी यांचा उल्लेख कुठेही नव्हता. माझ्या मते सगळी गफलत इथेच होते.

लेगिंग न ताणता पलंगावर सपाट अंथरून मी टेपने मोजली. कमरेला ती १२ इंच भरली, म्हणजे घेर २४ इंच. इलास्टिक पूर्ण ताणले की तो ४० पर्यंत जातो आणि पाकिटावरचा आकडा तिथूनच आला असावा. परंतु इलास्टिक ताणले जाणे वेगळे आणि ते दिवसभर कमरेवर सुखाने राहणे वेगळे. जाऊबाईंच्या ३६ च्या कमरेवर ते बसते, पण संध्याकाळपर्यंत त्वचेवर वळ उमटतात आणि खाली बसल्यावर पट्टा दुमडून गोल होतो. ३३-३४ पर्यंतच्या कमरेला हा त्रास होऊ नये, असे माझे मत आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती सीट. त्याच लेगिंगचे सीटपाशी सपाट माप साडेपंधरा इंच, म्हणजे घेर ३१ इंच भरला. माझ्या ३८ च्या सीटवर कापडाला ७ इंच, म्हणजे साधारण पाव हिश्शाहून थोडे कमी ताणावे लागते. जाऊबाईंच्या ४३ वर तेच कापड १२ इंच, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक ताणले जाते. हे कापड ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्रा असलेले, विणीचे म्हणजे होजिअरी आहे. ते फाटत नाही, जाऊबाईंच्या अंगावरही चढते. म्हणून दुकानात ‘बसते की’ असे म्हटले जाते. परंतु इतक्या ताणावर विणीचे टाके उघडतात आणि वाकल्यावर आतले दिसू लागते. काळ्या रंगात हे चटकन जाणवत नाही, फिक्या गुलाबी किंवा अंगाच्या रंगाच्या लेगिंगमध्ये मात्र लगेच जाणवते. वरून छापलेल्या नक्षीच्या लेगिंगमध्ये तर नक्षीच्या मधून खालचा पांढरा रंग डोकावतो. हे घेण्यापूर्वी तपासायचे असेल तर सीटच्या भागात हात घालून, तुमच्या अंगावर जेवढे ताणले जाईल तेवढेच कापड बोटांवर ताणावे आणि उजेडाकडे धरावे. बोटांची पेरे स्पष्ट दिसली तर ती लेगिंग लांब कुर्तीखालीच घालण्याजोगी आहे.

ताणाचा दुसरा परिणाम उंचीवर होतो आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विणीचे कापड रुंदीत ताणले की लांबीत आखडते. चुडीदार लेगिंगची आतल्या बाजूची लांबी ३२ इंच आहे. माझ्या पायाची आतल्या बाजूची लांबी २८ च्या आसपास असल्याने घोट्याशी छान चुण्या पडतात. जाऊबाई माझ्याहून इंचभर बुटक्या असूनही त्यांच्या घोट्याशी चुण्या कमी पडतात, कारण मांडी आणि पोटरीच्या घेराने लांबी खाल्लेली असते. भाचीच्या बाबतीत कापड फारसे ताणले जात नाही, पण तिचे पायच लांब असल्याने चुडीदार तिच्यावर साध्या लेगिंगसारखी दिसते आणि अँकल लेंग्थ घोट्याच्या बरीच वर थांबते. पहिल्या धुण्यात सुती कापड लांबीला थोडे आटतेही, तेव्हा साडेपाच फुटांवरच्या मुलींनी नव्या लेगिंगची लांबी काठोकाठ पुरते आहे म्हणून समाधान मानू नये.

आसन हा भाग शिंप्याला ताबडतोब कळतो, आपल्याला मात्र बसल्यावर कळतो. सीट मोठी असेल तर मागच्या आसनाला जास्त कापड लागते. ते नसेल तर उभे असताना सगळे ठीक दिसते, पण भाजी निवडायला जमिनीवर बसले की मागचा पट्टा दोन-तीन बोटे खाली सरकतो. जाऊबाईंची मुख्य तक्रार हीच आहे आणि कमरेचे इलास्टिक बदलून ती दूर होणार नाही. भाचीची अडचण उलट आहे : तिच्या कमरेवर इलास्टिक सैल पडते, त्यामुळे चालताना लेगिंग उतरते आणि म्यानी मांड्यांमध्ये लोंबते. तिच्यासाठी आत नवे, अरुंद इलास्टिक घालून घेतले, तेव्हा प्रश्न सुटला.

स्ट्रेच पॅन्टबद्दल वेगळे सांगावे लागेल, कारण त्यांचे कापड विणीचे नसून मागावरचे असते आणि त्यात लायक्रा दोन-तीन टक्केच असतो. आमच्या पॅन्टचे कापड फक्त आडवे ताणले जाते, उभे अजिबात नाही. न ताणता सीटचा घेर ३८ आणि ताणून फार तर ४१ होतो. कमरेला मात्र पूर्ण इलास्टिक असल्याने तिथे ती ३८ पर्यंत जाते आणि ‘फ्री साइझ’ हे नाव त्या इलास्टिकच्या जोरावर दिलेले आहे. मला ती उत्तम बसते, जाऊबाईंच्या मांडीवरून ती पुढे सरकत नाही आणि भाचीच्या अंगावर मागून झोळ येतो. सीट ३६ ते ४० आणि उंची ५ फूट ते ५ फूट ४ इंच या चौकटीबाहेर मी ती कोणाला सुचवणार नाही.

टिकाऊपणात फरक पडला तोही ताणामुळेच. आम्ही सगळ्या लेगिंग गार पाण्यात, उलट्या करून धुतो आणि सावलीत वाळवतो, कारण उष्णतेने लायक्रा मरतो. तरीही जाऊबाईंच्या लेगिंगला मांडीच्या आतल्या शिवणीलगत पांढरे, केसासारखे बारीक धागे बाहेर आले आहेत. ते तुटलेल्या लायक्राचे धागे आहेत आणि ते दिसू लागले की तिथले कापड लाटांसारखे होते व पूर्ववत आवळत नाही. माझ्या लेगिंगचा फक्त रंग थोडा उतरला आहे.

एकंदरीत ही लेगिंग कंबर २८ ते ३४, सीट ३५ ते ४० आणि उंची ५ फूट ते ५ फूट ५ इंच असलेल्या स्त्रीसाठी बेतलेली आहे. सीट ४० ते ४२ असेल तर गडद रंग आणि लांब कुर्ती यांवर निभावते. त्यापुढे डबल एक्सेलच घ्यावी. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला न ताणलेल्या लेगिंगचे सीटपाशी सपाट माप विचारावे, त्याची दुप्पट करून त्यात पाव हिस्सा मिळवावा आणि आपली सीट त्या आकड्याच्या आत येते का ते पाहावे. जाऊबाईंसाठी आता साडेसतरा इंच सपाट मापाची मागवली आहे, तिचा हिशेब पावणेचव्वेचाळीस होतो.