लिफ्टमधली केबलची नोटीस: आठ महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीत दोन विंग, सात मजले, छप्पन्न घरं आणि केबलवाला एकच. टीव्ही त्याचा, बऱ्याच घरांत इंटरनेटही त्याचंच. केबल गेली की व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुमच्याकडे येतंय का?" सुरू व्हायचं आणि कमिटीत असल्याची शिक्षा म्हणून फोन मी करायचे. तिकडून पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यांची गेलीय की तुमचीच?" त्याचं उत्तर माझ्याकडे कधीच नसायचं.

म्हणून गेल्या जूनमध्ये नोटीस लावली. पहिली अकरा मुद्द्यांची होती, खाली बोर्डावर, पाण्याच्या बिलाशेजारी. ती कुणीही वाचली नाही. दुसरी चार ओळींची करून लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटवली, कारण सात मजले जाईपर्यंत माणसाला दुसरं काही काम नसतं. तिचा हा अनुभव.

पहिली ओळ: "बॉक्सच्या रिमोटवर मेनू दाबा. टीव्हीवर मेनू दिसला तर टीव्ही आणि त्याची वायर ठीक आहे." ही ओळ मी शेवटी घालणार होते, पण वर आणली ते बरं झालं. पडद्यावर "नो सिग्नल" आलं की लोक केबल गेली असं धरतात. पण ती पाटी बहुतेक वेळा टीव्हीची असते. बॉक्सकडून टीव्हीला काही मिळत नाही एवढाच तिचा अर्थ. एक तर बॉक्स बंद असतो किंवा नातवाने गेमसाठी एचडीएमआय एकवरून दोनवर नेलेलं असतं. केबल खरोखर गेली की बॉक्स चालूच असतो, मेनू नीट उघडतो आणि सिग्नल नसल्याचं बॉक्स त्याच्या स्वतःच्या चौकटीत सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता ग्रुपवर सरळ लिहितात, "मेनू येतोय, चॅनल नाही." यापेक्षा चांगली तक्रार मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या ओळीत होतं, "शेजारच्यांना विचारू नका. वरच्या आणि खालच्या घरी विचारा." यावर सुरुवातीला टिंगल झाली. पण वायर कशी येते हे पाहिलं की कळतं. रस्त्यावरून फायबर येते ती गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममधल्या डब्यात. तिथे प्रकाशाचा सिग्नल विजेचा होतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि मग काळी जाड वायर डक्टमधून खाली उतरते. प्रत्येक मजल्यावर एक टॅप, टॅपमधून घरात एक फाटा. आमच्या प्रत्येक विंगमध्ये असे चार डक्ट आहेत, म्हणजे ४०३ आणि ४०४ यांची दारं समोरासमोर असली तरी त्यांच्या वायरी वेगळ्या. ४०३ चं खरं नातं ५०३ आणि ३०३ शी.

जुलैतला एक रविवार सांगते. संध्याकाळी ४०३ मध्ये आधी चित्राचे चौकोन पडायला लागले, मग सगळंच गेलं. समोर ४०४ मध्ये मालिका व्यवस्थित चालू. जुन्या पद्धतीने "यांचा बॉक्स गेला" असा निकाल लागला असता. पण वहिनींनी वर फोन केला: ५०३, ६०३, ७०३ तिन्हीकडे चालू. खाली ३०३ पासून १०३ पर्यंत बंद. म्हणजे गच्चीवरचं सगळं ठीक आणि बिघाड पाचव्या ते चौथ्या मजल्याच्या मधे. मी केबलवाल्याला एवढंच सांगितलं: "बी विंग, तीन नंबरची लाइन, पाचव्यापर्यंत आहे, चौथ्यापासून खाली नाही." मुलगा आला तो थेट चौथ्या मजल्याच्या डक्टवर. टॅपची पिन काढली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि पिनमधून पाण्याचा थेंब टपकला. दोन इंच वायर कापून नवीन पिन बसवली, वीस मिनिटांत काम झालं. आदल्या वर्षी असाच बिघाड दोन दिवस चालला होता, कारण घरोघरी बॉक्स तपासत बसले होते. (पाणी ५०३ च्या बाथरूममधून येत होतं. ते प्रकरण अजून संपलेलं नाही, पण त्याची नोटीस वेगळी.)

तिसरी ओळ रिचार्जची: "काही चॅनल दिसतात, काही नाहीत? आधी रिचार्जची तारीख बघा. पैसे भरल्यावर बॉक्स चालूच ठेवा." दुसरं वाक्य मी नंतर पेनाने लिहिलं. पैसे भरले की चॅनल उघडण्याची आज्ञा केबलमधूनच बॉक्सकडे येते आणि बॉक्स चालू असेल तरच तो ती घेतो. आमच्याकडे पैसे भरून दर दोन मिनिटांनी बटण बंद-चालू करणारे तीन जण होते. बॉक्स एखाद्या चॅनलवर चालू ठेवून थोडा वेळ थांबायचं, तरी नाही आलं तर बॉक्सखालच्या स्टिकरवरचा नंबर देऊन "रिफ्रेश मारा" म्हणायचं.

या ओळीत एक खोट मात्र राहिली. रिचार्ज असूनही काही चॅनल तुटतात, तेव्हा नोटीस गप्प. चॅनल गठ्ठ्यांनी एकेका फ्रिक्वेन्सीवर येतात, सिग्नल कमजोर झाला की एखादा गठ्ठाच जातो. एका काकांकडे असेच दहा-बारा चॅनल महिनाभर तुटत होते. कारण त्यांनीच बेडरूमच्या टीव्हीसाठी सोफ्यामागे स्प्लिटर लावला होता. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला निम्म्याहूनही थोडा कमीच सिग्नल पोचतो. तो काढून वायर थेट बॉक्सला लावली आणि चॅनल परत आले. म्हणून आता तक्रारीत गेलेल्या चॅनलचे नंबर लिहा असं सांगते. बॉक्स मात्र फॅक्टरी रिसेट करू नका, एकाने केला आणि चॅनल शोधून द्यायला माणूस बोलवावा लागला.

चौथी ओळ: "दोन्ही विंग बंद असतील तर एकानेच फोन करा." ही सपशेल पडली. सगळेच करतात. पण संपूर्ण सोसायटी बंद असण्याची आमच्याकडची दोन कारणं कळली. एक म्हणजे आमच्याकडे सिग्नल पाठवणारा बाहेरचा डबा, म्हणजे नोड, मागच्या गल्लीतल्या इमारतीतून वीज घेतो. तिकडे महावितरणची वीज गेली की आमचे दिवे चालू आणि केबल बंद. दुसरं कारण गच्चीवरचं. ऑक्टोबरमध्ये लिफ्टच्या माणसाने काम करताना मशीनरूममधलं एक बटण बंद केलं आणि तसाच निघून गेला. आमचा डबा त्याच बटणावर. चार तास छप्पन्न घरं केबलवाल्याला शिव्या घालत होती, बिचारा येऊन बटण दाबून गेला.

इंटरनेटसाठी एकच वाक्य तळाला आहे: घरातल्या इंटरनेटच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही, फायबरमध्ये बिघाड आहे, थेट तक्रार करा. लाल दिवा नसेल तर आधी रिचार्ज आणि राउटर बघा. हे वाक्य तरुण मंडळी मन लावून वाचतात.

पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो चौथ्या ओळीसाठी. आता मशीनरूमच्या त्या बटणावर "केबल, बंद करू नका" असं स्टिकर लावलंय. लिफ्टचा नवा माणूस मराठी वाचत नाही म्हणाला, म्हणून खाली टीव्हीचं चित्रही काढलंय.